दोन फासे, छत्तीस घरं : प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै

शाळेच्या गणित-कोपऱ्यासाठी यंदा दहावीच्या मुलांनी संभाव्यता निवडली. पुस्तकात दोन फाशांचा नमुना अवकाश एका ओळीत येतो, n(S) = 36, आणि लगेच पुढचं उदाहरण सुरू होतं. प्रकल्प त्याच ओळीचा करायचा ठरला: सगळी फलितं लिहून काढायची, कोणती बेरीज किती वेळा येते ते मोजायचं आणि हाताने फासे टाकून पडताळायचं.

पुस्तकं मिटून ठेवायला सांगितली. प्रत्येक गटाला एकसारखे दोन पांढरे फासे दिले आणि म्हटलं, काय काय पडू शकतं त्याची यादी करा. सहा गटांपैकी चार गटांच्या यादीत २१ ओळी आल्या, दोघांच्या ३६.

एकवीसवाल्यांनी काम नीट केलं होतं. १-१, १-२, १-३ करत १-६ पर्यंत, मग २-२ पासून २-६, मग ३-३ पासून, एकूण ६+५+४+३+२+१. "बाई, ३-४ लिहिलं की ४-३ आलंच ना त्यात. परत कशाला लिहायचं?" प्रश्न बरोबर आहे. "पुस्तकात ३६ आहेत म्हणून" हे त्याचं उत्तर नव्हे. आज फळ्यावर दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि घंटा झाली.

८ जुलै

एक पांढरा फासा काढून लाल दिला. आता लालवर ३ आणि पांढऱ्यावर ४ हे वेगळं, लालवर ४ आणि पांढऱ्यावर ३ हे वेगळं, आणि सगळे ३६ वर आले. पण मागच्या बाकावरून लगेच शंका आली: रंगीत फाशांचं ठीक आहे, दोन्ही पांढरे असताना तर आपल्याला फरक दिसतच नाही, मग तेव्हा २१ च ना?

हा वाद मला हवाच होता. एका मुलीने तो बराचसा सोडवला. तिचं म्हणणं असं की आपण डोळे मिटून लाल-पांढरे फासे टाकले, तर फाशांना कळणार आहे का की बघणाऱ्याला रंग दिसत नाही? रंग काढून घेतल्याने पडण्यात फरक पडत नाही, फक्त बघणाऱ्याची माहिती कमी होते. म्हणजे दोन्ही पांढरे असले तरी ३-४ दोन वाटांनी पडतं आणि ३-३ एकाच वाटेने.

मी एवढीच भर घातली की एकवीसची यादी चुकीची नाही. तिच्यात काही सुटलेलं नाही, काही दुबार नाही. मात्र तिच्यातल्या सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नाहीत. वेगळे अंक असलेल्या १५ ओळींचं वजन प्रत्येकी २, सारख्या अंकांच्या ६ ओळींचं प्रत्येकी १. ३० आणि ६ मिळून पुन्हा ३६. "अनुकूल भागिले एकूण" हे सूत्र फक्त समसंभाव्य यादीवर चालतं. पुस्तकात ती अट लिहिलेली असते, पण उदाहरणं सोडवताना ती वाचतं कोण!

याच जागी मोठी माणसंही अडखळली आहेत हे सांगितलं. लायब्निट्ससारख्या गणितज्ञाने दोन फाशांवर ११ आणि १२ पडणं सारखंच शक्य आहे असं लिहून ठेवलंय, कारण ११ म्हणजे ५ आणि ६, १२ म्हणजे ६ आणि ६, दोन्ही एकाच तऱ्हेने होतात. खरं तर ११ च्या वाटा दोन, १२ ची एक. एकवीसच्या गटात जरा मान ताठ झाली.

१० जुलै

युक्तिवाद सगळ्यांना पटलेला नाही, तेव्हा फाशांनाच विचारायचं. पण नेमकं काय विचारायचं, यावर आजचा अख्खा तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

मुलांनी सुचवलं, ७ किती वेळा येतात ते मोजू. आधी कागदावर करून बघितलं. ३६० वेळा फासे टाकले असं धरा. छत्तीसच्या यादीप्रमाणे ७ ला सहा घरं, म्हणजे साधारण ६० वेळा. एकवीसच्या यादीत ७ च्या तीन ओळी (१-६, २-५, ३-४), म्हणजे ३६० × ३/२१, साधारण ५१ वेळा. फरक नऊचा. आणि ३६० टाकींत असा आकडा नुसत्या योगायोगाने सातआठने इकडेतिकडे हलतोच. ५५ आले तर कोण जिंकलं? दोघंही भांडत बसतील.

म्हणून दोन्ही याद्यांचा अंदाज जिथे सगळ्यात जास्त फाकतो अशी गोष्ट शोधायची. ती बेरीज नाहीच. ती आहे दोन्ही फाशांवर सारखाच अंक येणं. आम्ही तिला 'सारखी जोडी' म्हणतो. छत्तीसमध्ये अशा जोड्या ६, म्हणजे ३६० मध्ये ६०. एकवीसमध्येही त्या सहाच, पण ६/२१ म्हणजे ३६० मध्ये जवळजवळ १०३. इथे योगायोगाची हालचाल सातच्या आसपास (३६० × १/६ × ५/६ याचं वर्गमूळ, साधारण ७.१) आणि फरक त्रेचाळीसचा. इतकं अंतर योगायोगाने भरून निघत नाही.

वर्गमूळ कुठून आलं हे दहावीला सांगायचं नाही असं आधी ठरवलं होतं. विचारलं, तर सांगितलं: अकरावी-बारावीत भेटेल.

१४ जुलै

प्रत्यक्ष टाकायला सुरुवात. नोंदीसाठी ६ × ६ चौकटींचा तक्ता केला: आडव्या ओळी लाल फाशाच्या, उभे स्तंभ पांढऱ्याचे, प्रत्येक चौकटीत ताळ्याच्या खुणा, पाचवी खूण तिरकी. बेरीज थेट लिहायची नाही, जोडीच लिहायची. बेरजेची वहीत नोंद केली की ती कोणत्या जोडीतून आली ते कायमचं हरवतं. जोडी असेल तर बेरीज केव्हाही काढता येते.

पहिल्या अर्ध्या तासात दिसलेल्या भानगडी लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कामाला येतील.

फासा वहीच्या कडेला तिरका टेकून थांबला तर काय? असेल तर दोन्ही फासे परत टाकायचे, एकच उचलायचा नाही, आणि हा नियम आधी ठरवायचा. अंक बघून मग ठरवलं की मनासारखं पडेपर्यंत "तो तिरकाच होता" होतं. एका गटात हेच चाललं होतं: सारखी जोडी लागोपाठ आली की "हे नाही धरायचं, नीट हलवलं नव्हतं." त्यांना ती संशयास्पद वाटत होती. त्यांच्या तक्त्यात कर्णावरच्या चौकटी बाकीच्यांपेक्षा उठून रिकाम्या दिसल्या, त्यावरून कळलं. तो कागद बाजूला ठेवून त्यांनी नव्याने सुरुवात केली.

दुसरी गोष्ट हाताची. काही मुलं फासा टाकत नाहीत, सरकवतात. तो दोनदा गडगडतो आणि वरचा अंक हातात होता त्यावर अवलंबून राहतो. आता स्टीलच्या भांड्यात खळखळवून उपडं करायचं. आवाज फार होतो, शेजारच्या वर्गातून निरोप आला. भांड्यात रुमाल घातला.

१६ जुलै

प्रत्येक गटाच्या ६० टाकी पूर्ण, एकूण ३६०.

गटवार बघितलं तर चित्र गोंधळाचं. साठ टाकींत सारख्या जोड्या एका हिशोबाने १०, दुसऱ्याने १७ यायला हव्यात, आणि योगायोग तीनेकने हलवतो. एका गटाची संख्या नेमकी या दोहोंच्या मधोमध पडली, त्यांना काहीच सांगता येईना. सगळे तक्ते एकावर एक रचून मोजले तेव्हा मात्र सारख्या जोड्या साठीच्या घरात आल्या. शंभराच्या जवळपासही नाहीत. एकवीसवाल्यांनी खुशीने हात वर केले.

आणखी एक तक्रार आली: छत्तीस चौकटींत प्रत्येकी दहा यायला हव्या होत्या, पण एकीत पाच आणि एकीत पंधरा. फासे खोटे आहेत का? नाहीत. दहाच्या अपेक्षेला तीनेकची हालचाल असते. छत्तीस चौकटी आहेत म्हटल्यावर त्यातल्या एकदोन पाच-सहाने बाजूला जाणारच. सगळ्या चौकटींत बरोबर दहा-दहा भरले असते तर मी तो कागद घरी बसून भरलाय का हे आधी विचारलं असतं.

आणि हो, एका गटात ८ या बेरजेने ७ ला मागे टाकलं. साठ टाकींत ७ ची अपेक्षा १०, ८ ची ८.३३. एवढ्याशा फरकाला साठ टाकी अपुऱ्याच.

१८ जुलै

आता मोजणी. तोच ६ × ६ तक्ता, चौकटीत खुणांऐवजी बेरजा लिहिल्या:

```
    1  2  3  4  5  6
1   2  3  4  5  6  7
2   3  4  5  6  7  8
3   4  5  6  7  8  9
4   5  6  7  8  9 10
5   6  7  8  9 10 11
6   7  8  9 10 11 12
```

सारखी बेरीज तिरक्या रेषेत बसते हे मुलांना लगेच दिसलं. रेषा मोजल्या: २ पासून १२ पर्यंत १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. एकूण ३६, पडताळा झाला.

७ लाच सगळ्यात जास्त का? "मधला आहे म्हणून" हे उत्तर मी घेतलं नाही. पहिल्या फाशावर काहीही येऊ दे, ७ करायला दुसऱ्यावर नेमका एक अंक लागतो आणि तो नेहमी उपलब्ध असतो: १ ला ६, २ ला ५, ६ ला १. म्हणून सहा. ८ करायचे असतील तर पहिल्यावर १ येऊन चालत नाही, कारण ७ चा ठिपका फाशावर नाही. एक वाट बंद, उरल्या पाच. ९ ला १ आणि २ दोन्ही बंद. ७ पासून जितकं दूर जावं तितक्या वाटा बंद होतात, म्हणून s या बेरजेच्या वाटा ६ वजा (s आणि ७ मधला फरक). गंमत अशी की पहिला फासा पडून काही अंक दाखवत असला तरी ७ ची शक्यता १/६ च राहते. दुसऱ्या कुठल्याही बेरजेबद्दल असं म्हणता येत नाही.

मग दोन्ही बाजू एकसारख्या का? ४ ला तीन आणि १० लाही तीन. यासाठी प्रयोगशाळेतून काचेची जाड तावदानं आणून दोन स्टुलांवर ठेवली. एक जण वरून बघणार, एक खाली बसून काचेतून. वरच्याने "चार" म्हटलं की खालचा "दहा" म्हणतो. वर "पाच", खाली "नऊ". फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते, दोन फाशांची १४, तेव्हा वर s असेल तर खाली १४ वजा s. वरच्याला जितक्या वेळा ४ दिसतात तितक्याच वेळा खालच्याला १०, आणि टाकी त्याच. खाली बसायला मुलांची रांग लागली, कोपऱ्यात हे ठेवायचंच.

२१ जुलै

संगणकाच्या तासाला हीच मोजणी पायथनमध्ये. मुद्दाम कोणत्याही फाशांसाठी चालेल असं लिहिलं:

```python
from collections import Counter

def berij(a, b):
    return Counter(x + y for x in a for y in b)

f = [1, 2, 3, 4, 5, 6]
for s, n in sorted(berij(f, f).items()):
    print(s, n)
```

उत्तर हाताने काढलेलंच आलं. दोन `for` म्हणजे आमच्या तक्त्याच्या ओळी आणि स्तंभ, बाकी काही नाही.

२४ जुलै

एका मुलाच्या आजोबांनी सारीपाटाच्या फाशांची आठवण काढली, तर तो विचारायला आला की त्यांचं गणित कसं. सारीपाट म्हटलं की आपल्याकडे खंडोबा आणि म्हाळसेचा डाव आठवतोच. ते फासे लांबट, चार बाजूंचे, टोकांवर उभे राहू नयेत असे. खुणा चारच, १, २, ५, ६ ही एक रूढ मांडणी. ३ आणि ४ नाहीतच.

सुताराकडून चौकोनी पट्टीचे दोन तुकडे आणले, टोकं तासली, १ च्या समोर ६ आणि २ च्या समोर ५ अशा खुणा कोरल्या. तक्ता आता ४ × ४, घरं १६. मोजलं:

```
2:1  3:2  4:1  6:2  7:4  8:2  10:1  11:2  12:1
```

५ आणि ९ गायब! कितीही वेळ टाकत बसा, पडणार नाहीत. ७ मात्र १६ पैकी ४ वेळा, म्हणजे चारात एकदा. कारण तेच: प्रत्येक अंकाला सातचा जोडीदार फाशावर हजर आहे. आणि १२ ची शक्यता ११ च्या निम्मी, इथेही. वर-खालची समता टिकते, कारण समोरासमोरच्या खुणांची बेरीज इथेही सातच. काचेखालून बघितलं तर ३ चे ११ होतात.

२९ जुलै

आज एक कोडं दिलं. नेहमीच्या दोन फाशांऐवजी वेगळे अंक लिहिलेले दोन सहा बाजूंचे फासे असे करता येतील का, की प्रत्येक बेरजेच्या वाटा तितक्याच राहतील? अंक एकपासून पुढचे, एकच अंक पुन्हा आला तरी चालेल.

असे फासे आहेत. अमेरिकेतल्या बफेलोच्या जॉर्ज सिशरमन यांनी ते शोधले आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७८ मध्ये ते प्रसिद्ध केले. उत्तर न सांगता मुलांबरोबर हातानेच काढलं. फाशांना अ आणि ब म्हटलं.

बेरीज २ एकदाच यायला हवी, म्हणजे दोन्हींवर १ नेमका एकदा. बेरीज ३ दोनदा हवी: १ आणि २ नेच ती होते, म्हणून दोन्ही फाशांवर मिळून २ हा अंक दोनदा. एकेकावर एकेक ठेवला तर नेहमीच्या वाटेने जातो, म्हणून दोन्ही अ वर ठेवले आणि ब वर २ नाहीच. बेरीज ४ तीनदा हवी. ब वर २ नसल्याने ती फक्त १ आणि ३ ने होते, म्हणून दोन्हींवर मिळून ३ तीनदा. इथे निवड आली. आम्ही अ वर दोन ३ आणि शेवटी एक ४ धरून बघितलं: अ झाला १, २, २, ३, ३, ४. उरलेला एक ३ ब वर.

यापुढे ब आपोआप उलगडतो. बेरीज ५ चारदा हवी: अ चा ४ आणि ब चा १ अशी एक, अ चे दोन २ आणि ब चा ३ अशा दोन, झाल्या तीन, चौथीसाठी ब वर एक ४ हवा. बेरीज ६ पाचदा हवी: दोन २ आणि ब चा ४ मिळून दोन, दोन ३ आणि ब चा ३ मिळून दोन, झाल्या चार, पाचवीसाठी ब वर एक ५. बेरीज ७ साठी पाच वाटा आधीच तयार, सहावीसाठी ब वर एक ६. आता ब वर १, ३, ४, ५, ६. सहावी बाजू उरली. सगळ्यात मोठी बेरीज १२ हवी आणि अ वर मोठ्यात मोठा ४, तेव्हा तो अंक ८.

```python
berij([1,2,2,3,3,4], [1,3,4,5,6,8]) == berij(f, f)
```

पडद्यावर `True`. धन पूर्णांकांत नेहमीच्या जोडीखेरीज ही एकच जोडी आहे. त्याची सिद्धता बहुपदीच्या अवयवांतून येते, ती इच्छुकांसाठी वेगळ्या कागदावर लिहून ठेवली.

१ ऑगस्ट

लाकडी ठोकळ्यांवर अंक रंगवून सिशरमन फासे तयार. अ वर समोरासमोर बेरीज ५ (१-४, २-३, २-३), ब वर ९ (१-८, ३-६, ४-५). पाच आणि नऊ चौदाच, त्यामुळे काचेचा प्रयोग यांच्यावरही जसाच्या तसा चालतो.

मुलांनी लगेच विचारलं, मग घरच्या व्यापाराच्या पटावर हेच वापरले तर कोणाला कळेल का? फक्त बेरजेवर घरं मोजायची असतील तर कळणार नाही. दिवसभर खेळा, आकड्यांत फरक दिसायचा नाही. पण १४ तारखेला जोड्याच लिहायच्या असं ठरवलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. सारखी जोडी या फाशांवर कधी? १-१ एकदा, ३-३ दोनदा कारण अ वर ३ दोन आहेत, ४-४ एकदा. एकूण चार. २-२, ५-५, ६-६ पडूच शकत नाही. म्हणजे ६/३६ ऐवजी ४/३६, ३६० टाकींत ६० च्या जागी ४०. या चाळीस-साठच्या अंतरावरून आमच्या तक्त्याने फासे ओळखता येतील.

मोनोपॉलीत सलग तीनदा सारखी जोडी पडली की थेट तुरुंगात. नेहमीच्या फाशांनी त्याची शक्यता २१६ त एक. यांनी ७२९ त एक. हे ऐकल्यावर सिशरमन फासे डावाला कोणी घेऊन बसायचं यावरून दोन गटांत जुंपली आहे. फासे कपाटात, किल्ली माझ्याकडे.